स्वल्पविराम फाइलचा की संगणकाचा?

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ताळेबंद पडद्यावर आला आणि मागच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "सिंकिंग फंडात फक्त बारा लाख?" पडद्यावर आकडा होता १२,३४५,६७८, म्हणजे एक कोटी तेवीस लाखांच्या वर. घरी माझ्या संगणकावर तोच १,२३,४५,६७८ असा दिसत होता. आजोबांचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे स्वल्पविराम येतो तो हजार, लाख, कोटी ही नावं बदलतात तिथे. त्यामुळे आकडा वाचताना डोळा आधी स्वल्पविरामच शोधतो.

खजिनदार म्हणून मी नंतर याच्या मुळाशी गेले. एक्सेलमध्ये नेहमीचं `#,##0` हे फॉरमॅट दिलं, तर स्वल्पविराम कुठे पडणार हे फाइल ठरवत नाही, विंडोजमधली रीजनची सेटिंग ठरवते. माझ्याकडे ती भारतीय होती, सभागृहातल्या लॅपटॉपवर अमेरिकन. फाइल दुसऱ्याच्या हातात जाणार असेल, तर गट फॉरमॅटमध्येच बांधून टाकावे:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

कोटी आणि त्यावर पहिला भाग लागू होतो, लाखांना दुसरा, उरलेल्यांना तिसरा. उलट्या तिरप्या रेघेमुळे स्वल्पविराम ठरलेल्या जागी छापला जातो, मग संगणक कुठलाही असो. मात्र अशा दोनच अटी देता येतात. उणे रक्कम तिसऱ्या भागात जाऊन पडते आणि अमेरिकन सेटिंगवर पुन्हा -१,२३४,५६७ होते. म्हणून मी तूट उणे चिन्हाने दाखवत नाही. 'तूट' अशी वेगळी ओळ करून रक्कम साधीच लिहिते.

सभेपुढे ठेवायच्या तक्त्यात रुपया-रुपया लागत नाही. तिथे वर '₹ लाखांत' असं लिहून हे फॉरमॅट द्यावं:

```
0\.00,
```

शेवटचा स्वल्पविराम आकड्याला हजाराने भागून दाखवतो, आणि ठरल्या जागी छापलेल्या बिंदूमुळे तो लाखांत वाचता येतो. १२,३४,५६७ चे १२.३५ दिसतात, सेलमधली मूळ रक्कम तशीच राहते.

यात एक गोम आहे. आमचे तीन खर्च होते १२,३४,५६७, ३,४५,६७८ आणि २,५६,७८९. लाखांत ते १२.३५, ३.४६ आणि २.५७ दिसतात. कुणी कागदावर बेरीज केली तर १८.३८ येते, तक्त्यात मात्र १८.३७ असते, कारण खरी बेरीज १८,३७,०३४ आहे. अशा वेळी एखादा खर्च खालीवर करून बेरीज जुळवू नये. १८.३७ तसेच ठेवावेत आणि तक्त्याखाली लिहावं: 'रकमा जवळच्या आकड्यात दाखवल्याने बेरजेत किंचित फरक दिसेल.'