कागदपत्रे खरी, उत्तर चुकीचे

भाषा-मॉडेल प्रशिक्षणाच्या वेळी जे वाचते, त्यातूनच उत्तर घडवते. एखाद्या कंपनीची रजेची नियमावली, तिचे ग्राहकांशी झालेले करार किंवा गेल्या महिन्यात निघालेले परिपत्रक त्याच्या वाचनात कधी आलेले नसते. तरीही त्याबद्दल विचारले की ते सहसा गप्प बसत नाही, सर्वसाधारण माहितीवरून पटेल असे काहीतरी लिहून देते. यावरचा सर्वांत रूढ उपाय म्हणजे ‘रिट्रिव्हल-ऑगमेंटेड जनरेशन’, थोडक्यात ‘रॅग’. हे नाव फेसबुकच्या संशोधन विभागातील पॅट्रिक लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2020 सालच्या शोधनिबंधातून आले. त्यांनी विकिपीडियाचे शंभर-शंभर शब्दांचे सुमारे 2 कोटी 10 लाख तुकडे केले. प्रश्नाशी जुळणारे तुकडे आधी शोधायचे आणि मग ते समोर ठेवून मॉडेलकडून उत्तर लिहून घ्यायचे, अशी ती रचना होती. कंपन्यांनी विकिपीडियाच्या जागी स्वतःचे दस्तऐवज आणले. मूळ मांडणी तीच राहिली.

काम दोन टप्प्यांत चालते. पहिला टप्पा कोणी प्रश्न विचारण्याआधीच उरकलेला असतो. पीडीएफ आणि वर्ड फाइलींमधला मजकूर काढून घेतात, त्याचे काहीशे शब्दांचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याचे रूपांतर शेकडो आकड्यांच्या एका मालिकेत करतात. अर्थाने जवळ असलेल्या मजकुरांच्या मालिकाही एकमेकींच्या जवळ येतात, हे या रूपांतराचे वैशिष्ट्य. दुसरा टप्पा प्रश्न आल्यावर सुरू होतो. प्रश्नाचीही तशीच मालिका बनते, तिच्या सर्वांत जवळचे पाच-दहा तुकडे निवडले जातात आणि ‘फक्त या मजकुराच्या आधारे उत्तर द्या’ अशा सूचनेसह ते मॉडेलला दिले जातात. म्हणजे मॉडेल कंपनीची नियमावली वाचत नाही, तिच्यातले पाच-दहा तुकडे वाचते. बहुतेक चुकांचे मूळ इथेच असते.

प्रसूती रजेचे कलम घेऊन हे पाहता येते. भारतात 2017 च्या कायदादुरुस्तीने ही रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली, पण दोन किंवा अधिक अपत्ये हयात असतील तर ती 12 आठवडेच राहिली. समजा, एका कंपनीच्या नियमावलीत हे कलम असे आहे: आधी 26 आठवड्यांची तरतूद, मग अर्ज कसा करायचा, कोणती प्रमाणपत्रे लागतात याचा परिच्छेद आणि त्यानंतर ‘मात्र दोन किंवा अधिक अपत्ये हयात असल्यास हा कालावधी 12 आठवडे राहील’ हे वाक्य. लगेच पुढे पाळणाघराचे नियम सुरू होतात. तुकडे पाडणाऱ्या प्रोग्रॅमने ठरलेली शब्दसंख्या भरताच मजकूर कापला आणि ‘मात्र’पासूनचा भाग पुढच्या तुकड्यात गेला.

आता एखादी कर्मचारी विचारते, ‘तिसऱ्या बाळंतपणासाठी किती रजा मिळेल?’ बाळंतपण, रजा, आठवडे हे सगळे पहिल्या तुकड्यात ठळकपणे आहे, म्हणून तो यादीत वर येतो. दुसऱ्या तुकड्यात अपवाद आहे, पण त्या वाक्यात ‘प्रसूती’ हा शब्दच नाही, ‘हा कालावधी’ एवढेच आहे आणि बाकीचा सगळा तुकडा पाळणाघराबद्दल बोलतो. त्याची आकड्यांची मालिका पाळणाघराच्या बाजूला झुकते आणि तो पहिल्या पाचांत येत नाही. मॉडेल लिहिते: 26 आठवडे. खाली नियमावलीच्या पानाची लिंकही असते आणि त्या पानावर 26 आठवडे खरोखरच छापलेले असतात. मॉडेलने इथे काही रचून सांगितलेले नाही, त्याच्यापर्यंत अपवाद पोहोचलाच नाही. कलमाच्या हद्दीवरच मजकूर कापणे, शेजारच्या तुकड्यांत थोडा मजकूर सामाईक ठेवणे आणि प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर त्याच्या प्रकरणाचे व कलमाचे शीर्षक जोडणे, या उपायांनी अशा चुका पुष्कळ कमी होतात.

जुन्या कागदांचा त्रास याहून चिवट असतो. सामायिक फोल्डरमध्ये 2015 ची नियमावलीही पडून असेल, तर तिच्यात सरसकट 12 आठवडे लिहिलेले असतात. दोन्ही आवृत्त्यांची भाषा जवळपास सारखीच असल्यामुळे अर्थाच्या जवळिकीवर चालणाऱ्या शोधाला त्यांतला फरक कळत नाही, तारीख त्याच्या हिशेबातच नसते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2024 मध्ये अमेरिकेतील वकिलांसाठीची अशी व्यावसायिक साधने तपासली, तेव्हा ती 17 ते 33 टक्के वेळा चुकीची किंवा निराधार माहिती देताना आढळली. एका उत्तरात गर्भपाताविषयीच्या ‘केसी’ खटल्यातला निकष चालू कायदा म्हणून सांगितला होता, आणि तो निकाल तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्येच रद्द ठरवला होता. प्रत्येक तुकड्यासोबत लागू झाल्याची तारीख नोंदवून रद्द झालेला मजकूर शोधातून बाहेर काढणे, हे काम कोणा जबाबदार माणसाला नेमून दिल्याशिवाय होत नाही.

दस्तऐवजांत उत्तरच नसेल तर वेगळी अडचण येते. शोध सहसा रिकाम्या हाताने परतत नाही, कारण सर्वांत जवळचे पाच तुकडे नेहमीच असतात. पितृत्व रजेबद्दल नियमावलीत अक्षरही नसताना कोणी ती किती दिवसांची, असे विचारले, तर प्रसूती रजेचेच तुकडे पुढे येतात. मॉडेलला प्रशिक्षणातून केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची 15 दिवसांची पितृत्व रजा ठाऊक असते. ते 15 दिवस सांगून खाली प्रसूती रजेच्या पानाचा हवाला देऊ शकते. हवाला पाहून समाधान मानणाऱ्या वाचकाची इथे खरी फसगत होते. ते पान उघडून त्यात 15 हा आकडा शोधल्याशिवाय चूक उघडकीला येत नाही.

योग्य तुकडा सापडूनही उत्तर चुकू शकते. मॉडेलला एका वेळी खूप मजकूर दिला, तर सुरुवातीचा आणि शेवटचा भाग ते चांगला वापरते आणि मधला त्याच्या नजरेतून सुटतो, असे 2023 च्या एका अभ्यासात दिसले. त्यामुळे पाचांऐवजी पन्नास तुकडे देऊन टाकणे हा सोपा वाटणारा मार्ग फारसा उपयोगी पडत नाही.

म्हणून चूक सापडली की आधी मॉडेलकडे पोहोचलेले तुकडे पाहावे लागतात. बरोबर कलम त्यांत नसेल तर दोष शोधाचा. ते असूनही उत्तर चुकले असेल तर दोष लिहिण्याचा. दोन्हींची दुरुस्ती वेगवेगळी आहे, आणि हे न पाहता मॉडेल बदलण्यावर पैसे खर्च केले की ते बऱ्याचदा वाया जातात. यासाठी नियम जाणणाऱ्या माणसांकडून शंभरेक प्रश्न लिहून घेतात, प्रत्येकासमोर योग्य कलमाची नोंद करतात आणि व्यवस्थेत बदल केला की ते सगळे पुन्हा चालवतात. त्यांत ‘नियमावलीत याची तरतूद नाही’ हेच ज्यांचे बरोबर उत्तर आहे असे प्रश्नही हवेत, नाहीतर नकार देता येतो की नाही हे तपासलेच जात नाही.

काही प्रश्न मात्र या रचनेच्या आवाक्याबाहेरच राहतात. ‘आपल्या सातशे करारांपैकी किती करारांत उशिराबद्दल दंडाचे कलम आहे?’ याचे उत्तर सातशेही करार पाहिल्याशिवाय देता येत नाही. पाच-दहा तुकडे आणणारी व्यवस्था त्या तुकड्यांतल्या करारांवरूनच बोलते, आणि तिने ‘चार’ असे उत्तर दिले तर ते सातशेपैकी चार नसून समोर आलेल्यांपैकी चार असतात. अशा मोजणीसाठी प्रत्येक करारातली कलमे आधीच एकेक करून तक्त्यात नोंदवावी लागतात आणि आकडा त्या तक्त्यातून काढावा लागतो.