सातवं आधण परवडतं का?

अर्थशास्त्राच्या पुस्तकात खर्चाच्या दोन वक्ररेषा हमखास भेटतात. सरासरी खर्चाची रेषा पसरट खोलगट असते. सीमांत खर्चाची रेषा थोडी खाली उतरते, मग चढत जाते आणि पहिलीला तिच्या नेमक्या तळाशी छेदून वर जाते. हे छेदणं तळाशीच का होतं, ते कोल्हापूरकडच्या एखाद्या गुऱ्हाळाच्या हिशेबात बघू. आकडे समजुतीपुरते घेतले आहेत आणि उसाची किंमत सध्या बाजूला ठेवली आहे.

गुऱ्हाळाचं भाडं, चरक आणि गुळव्याची ठरलेली मजुरी मिळून दिवसाला २,४०० रुपये जातात. एकही आधण निघालं नाही तरी हे पैसे द्यावेच लागतात, म्हणून हा स्थिर खर्च. आणखी एक आधण काढल्यावर एकूण खर्च जेवढा वाढतो, तो त्या आधणाचा सीमांत खर्च.

पहिल्या आधणाला चुलवाण थंड असतं, जळण जास्त लागतं, म्हणून ९०० रुपये लागतात. दुसऱ्याला ७०० आणि तिसऱ्याला ६००, कारण आता काहील तापलेली असते आणि माणसांचा हात बसलेला असतो. चौथ्यापासून वाळलेली चिपाडं कमी पडू लागतात आणि खर्च ८०० होतो. पाचव्याला ज्यादा वेळेची मजुरी धरून १,१०० लागतात, सहाव्याला १,३००. सातवं आधण रात्री, विकतच्या लाकडावर काढावं लागतं; त्याला १,७०० लागतात.

आता सरासरी बघा. तीन आधणांचा एकूण खर्च ४,६०० रुपये, म्हणजे आधणामागे सुमारे १,५३३. चौथं आधण ८०० रुपयांत निघालं. ते सरासरीपेक्षा सुमारे ७३३ रुपयांनी स्वस्त आहे. ही बचत चारही आधणांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला १८३ रुपये येतात आणि सरासरी १,३५० वर उतरते. लक्षात घ्या, चौथं आधण तिसऱ्यापेक्षा महाग होतं, म्हणजे सीमांत खर्च चढू लागला होता, तरी सरासरी उतरली. सरासरीला नव्या आधणाचा खर्च चढतोय की उतरतोय याच्याशी देणंघेणं नसतं. तो आपल्यापेक्षा कमी आहे की जास्त, एवढंच तिच्या दृष्टीनं महत्त्वाचं. पाचव्यालाही तेच होतं: ६,५०० भागिले पाच, सरासरी १,३००.

सहावं आधण बरोबर १,३०० रुपयांचं. सरासरीपेक्षा ते ना स्वस्त ना महाग, त्यामुळे सरासरी जागची हलत नाही. सातवं सरासरीपेक्षा ४०० रुपयांनी महाग पडतं. हा बोजा सात आधणांत वाटला जातो आणि सरासरी १,३५७ होते. म्हणजे सीमांत खर्च सरासरीच्या खाली असेतो सरासरी उतरते आणि वर गेला की चढते. उतरण संपून चढण सुरू होते ती जागा म्हणजे तळ, आणि तिथेच दोन्ही रेषा भेटतात. कुणी काढलेल्या आकृतीत त्या तळाच्या डावी-उजवीकडे छेदत असतील, तर आकृती चुकली आहे.

आता भाडं १,२०० रुपयांनी वाढलं असं धरू. सातव्या आधणाचं लाकूड आणि मजुरी त्यामुळे महागत नाही, म्हणून सीमांत रेषा जिथल्या तिथे राहते. सरासरी मात्र वर सरकते: पाच आधणांना १,५४०, सहांना १,५००, सातांना सुमारे १,५२९. आधी पाच आणि सहा आधणांना सरासरी सारखीच होती. आता सहाला ती स्पष्टपणे सर्वांत कमी आहे. स्थिर खर्च वाढला की तळ सीमांत रेषेवरूनच वर आणि उजवीकडे सरकतो. उसाची किंमत हिशेबात घेतली तर निराळं घडतं. ती प्रत्येक आधणाला सारखीच वाढते, त्यामुळे दोन्ही रेषा सारख्याच वर जातात आणि तळ त्याच आधणसंख्येवर राहतो.

इथे एक चूक सर्रास होते. सरासरी सर्वांत कमी तिथेच नफा सर्वांत जास्त, असं समजलं जातं. जुन्याच भाड्यावर, उसाचे पैसे वजा जाता आधणामागे १,८०० रुपये हाती येत असतील, तर सहा आधणांवर नफा ३,००० आणि सातांवर ३,१०० रुपये होतो. सरासरी वाढली तरी सातवं आधण परवडतं, कारण १,७०० खर्चून १,८०० येतात. १,५०० च येत असतील तर तेच आधण २०० रुपयांनी तोट्यात जातं. आणखी एक आधण काढावं की नाही, याचं उत्तर भाव आणि सीमांत खर्च यांच्या तुलनेतून मिळतं. सरासरीचा तळ दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतो: आधणामागे १,३०० रुपयेही सुटत नसतील, तर कितीही आधणं काढली तरी दिवसाचा पूर्ण खर्च भरून निघणार नाही.