गेलेलं घरही स्टेटसवर

कोथरूडमधल्या एखाद्या इस्टेट एजंटचं व्हॉट्सॲप स्टेटस उघडा. वर छोट्या रेघांची लांबलचक रांग, आणि प्रत्येक रेघेमागे तेच: टू बीएचके, सेमी फर्निश्ड, फक्त फॅमिली, त्वरित संपर्क. दोन-तीन रेघा सरल्या की बोट पुढच्या माणसाकडे सरकतं. ज्याला आज घर नको, त्याच्यासाठी त्यात काहीच नसतं. आणि एका वस्तीत आज घर हवं असलेले लोक मोजकेच असतात. बाकीच्यांना ते दोन वर्षांनी लागणार असतं, किंवा त्यांच्या मेहुण्याला लागणार असतं.

एकट्याने काम करणाऱ्या एजंटचा आठवडा या बाकीच्यांसाठी आखायला हवा. मोठ्या कंपनीसारखं पानभर जाहिरात देणं त्याला परवडत नाही, पण करवे पुतळ्यापासून वनाजपर्यंतच्या पट्ट्यात कुठल्या सोसायटीची लिफ्ट किती वेळा बंद पडते हे त्याला ठाऊक असतं. म्हणून आधी हद्द ठरवावी. पायी फिरता येईल एवढीच. बाणेरचा फ्लॅट कितीही देखणा असला तरी तो या खात्यावर टाकायचा नाही; तो टाकला की आपण पुन्हा ‘सगळीकडचे एजंट’ होतो.

आठवड्याला तीन पोस्ट पुरतात. रविवारी संध्याकाळी तासभर बसून त्या ठरवाव्यात. रोज काहीतरी टाकायचंच असा पण केला, तर बुधवारपर्यंत सुविचार आणि सूर्योदय सुरू होतात.

पहिली पोस्ट मंगळवारची: गेल्या आठवड्यात फोनवर कुणीतरी खरोखर विचारलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर. समजा, एका घरमालकीण काकूंनी विचारलं, ‘भाडेकरू ओळखीचा आहे, मग ॲग्रीमेंट कशाला?’ उत्तर असं लिहिता येईल: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. नोंदणी नसेल आणि पुढे वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. आता खर्च. भाडं २५ हजार, मुदत अकरा महिने, डिपॉझिट एक लाख. एकूण भाडं होतं २ लाख ७५ हजार. त्यात डिपॉझिटवरचं दहा टक्के दराचं अकरा महिन्यांचं व्याज मिळवायचं, म्हणजे साधारण ९ हजार. या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सातशेच्या आसपास. वर शहरी भागात नोंदणी फी एक हजार आणि करार करून देणाऱ्याचे पैसे.

एवढं वाचून काकू लगेच कुठलं घर देणार नाहीत. पण ही पोस्ट त्या बहिणीला पाठवतील, आणि एजंटला हवं आहे ते हेच. एक पथ्य मात्र कडक: विचारणाऱ्याचं नाव, सोसायटी, मजला काहीच येता कामा नये. छोट्या वस्तीत ‘मयूर कॉलनीतल्या एक काकू’ एवढ्यावरही माणूस ओळखू येतो.

दुसरी पोस्ट गुरुवारची, आणि मेहनत खरी इथे आहे. एकच घर, पण आतून नीट. सोफा आणि खोटी छतं सगळेच दाखवतात. मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ करताना स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडून बादली भरू द्यावी, तेही सकाळी पाण्याच्या वेळेला. बेडरूमच्या आतल्या कोपऱ्यात उभं राहून फोनला रेंज किती येते ते दाखवावं. पार्किंगच्या जागेवर टेप लावून रुंदी वाचून दाखवावी, कारण ‘कार पार्किंग आहे’ आणि ‘आपली कार मावते’ यांत फरक असतो. मग एक उणीव आपणहून सांगायची: दुपारी हॉल तापतो, किंवा खालच्या दुकानाचं शटर सकाळी सहाला उघडतं. मालकाला हे आधी सांगून त्याची परवानगी घ्यावी. सुरुवातीला मालक कुरकुरतात. पण घर पाहायला येणारे निम्मे झाले तरी जे येतात ते शटरचं ऐकून आलेले असतात, आणि मालकाच्या दारावरची रोजची वर्दळ कमी होते. ते पटलं की पुढचं घर मालक स्वतः देतो.

व्हिडिओत दारावरची पाटी, आधीच्या भाडेकरूच्या भिंतीवरचे फोटो आणि देवघर येऊ देऊ नये. घर रिकामं असेल तर इमारतीचं नाव लिहू नये, रस्त्याचं पुरतं. आकार सांगायचा तो कार्पेट, म्हणजे प्रत्यक्ष वापरायची जागा. ‘सुपर बिल्टअप’चा आकडा टाकला की पाहायला आलेला माणूस मनातल्या मनात मोजतो आणि पुढचं काहीच खरं मानत नाही. नव्या प्रकल्पातली घरं विकत असाल तर महारेराची एजंट नोंदणी लागते. तो क्रमांक प्रोफाइलवर दिसू द्यावा.

तिसरी पोस्ट शनिवारची. ती बहुतेक एजंट करतच नाहीत. या आठवड्यात काय झालं ते सांगायचं, आणि गेलेलं घर गेलं असं लिहायचं. नमुना असा:

‘गुरुवारचं टू बीएचके गेलं. तीन फॅमिली पाहून गेल्या. मालकांनी २८ हजार मागितले होते, २६ वर ठरलं. दोघांना पार्किंग अरुंद वाटलं. आता त्या घरासाठी फोन करू नका. तसंच घर आलं की सांगतो.’

रक्कम लिहायला दोन्ही बाजूंची हरकत असेल तर नुसतं ‘मागणीपेक्षा थोडं खाली’ म्हणावं. गेलेली घरं जाहिरातीत तशीच ठेवून फोन गोळा करणं ही या धंद्याची जुनी खोड आहे. ‘ते आत्ताच गेलं हो, पण दुसरं दाखवतो’ हे वाक्य ऐकलेलं नाही असा भाडेकरू पुण्यात सापडणार नाही. त्यामुळे शनिवारची चार वाक्यं इतर दोन पोस्टपेक्षा जास्त काम करतात. विक्रीच्या बाबतीत आणखी एक सोय आहे: नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये सूची क्रमांक दोन पाहता येते. त्यातून आपल्या रस्त्यावर कागदावर काय भाव लागले ते सांगता येतं, अर्थात घेणाऱ्या-देणाऱ्यांची नावं वगळून.

ही पोस्ट पोहोचते कशी, हाही प्रश्न आहे. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर जतन केलेला नाही त्यांना निरोप जातच नाही. अनेक एजंट महिनोन्‌महिने पाठवत राहतात आणि अर्ध्या यादीला काही मिळतच नसतं. तेव्हा घर दाखवून झाल्यावर तिथेच विचारावं, ‘माझा नंबर सेव्ह करता का?’ स्टेटस चोवीस तासांत जातं, म्हणून मंगळवारची उत्तरं इन्स्टाग्रामवरही ठेवावीत. तिथे ती शोधता येतात. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र घरं टाकू नयेत. तिथे कुणी विचारलं तरच बोलावं, आणि तेही भाडं-दलालीवर न घसरता.

कोथरूडमध्ये सध्या पुनर्विकासाचं पेव आहे. जुनी इमारत पाडायला जाते तेव्हा तिथल्या घरांना एकाच वेळी, त्याच शाळेजवळ, दोन-तीन वर्षांसाठी भाड्याची जागा लागते, आणि आजी-आजोबा असतील तर लिफ्टसह. अशा सोसायटीची सभा झाली की पुढचे काही मंगळवार आपोआप ठरतात: बिल्डर भाडं थेट देतो की आपल्या हाती, मुदत लांबली तर काय, सामान कुठे ठेवायचं.

लाइक मोजण्यात अर्थ नाही. फोनवरचं पहिलं वाक्य वहीत लिहीत जावं. ‘टू बीएचके आहे का?’ असेच फोन येत राहिले तर लोक अजून तुम्हाला यादी समजतात. ‘मालक म्हणतात पोलिसांना कळवायची गरज नाही, खरं का?’ असं कुणी विचारलं, आणि त्याला घर नकोच असलं, तर त्याला उत्तर द्यावं आणि तो प्रश्न पुढच्या मंगळवारसाठी बाजूला ठेवावा.