फोटोतला झोपाळा शब्दांत

फोटोवर छापलेली अक्षरे स्क्रीन रीडर सहसा वाचत नाही. तो वाचतो फोटोला जोडलेला ऑल्ट टेक्स्ट. म्हणून झोपाळ्याच्या फोटोवर ‘रुंदी ५ फूट’ असेल, तर ते माप ऑल्ट टेक्स्टमध्येही हवे. ‘सुंदर झोपाळा’ एवढ्याने काहीच कळत नाही. ‘पितळी कड्यांचा सागवानी झोपाळा, पाठ नाही, रुंदी ५ फूट’ यातून वस्तू नेमकी समजते आणि शोधणाऱ्यालाही ती सापडणे सोपे जाते. सुरुवातीला ‘फोटो’ लिहू नये. ते स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. तोच शोधशब्द वारंवार कोंबला, तर ऐकणारा वैतागतो.

डोळ्यांनी वाचणाऱ्याचाही विचार हवा. फोटोवरची पांढरी अक्षरे लाकडाच्या रेषांत हरवतात. त्यांच्यामागे गडद पट्टी द्यावी. साध्या आकाराच्या अक्षरांसाठी कॉन्ट्रास्टचे किमान प्रमाण ४.५ : १ मानले जाते.