दोन ओळींचा शेरा

पाचवीतल्या एका मुलीला पहिल्या सत्रात मराठीत 52 गुण आणि दुसऱ्या सत्रात 59 गुण मिळाले, असे समजू. प्रगतिपुस्तकात दोन्ही वेळा एकच श्रेणी येते, क-1. महाराष्ट्रातल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात 51 ते 60 या सगळ्या गुणांना ही एकच श्रेणी आहे. जी मुलगी वर्षभर थोडी थोडी पुढे सरकली, तिची वाट श्रेणीत दिसतच नाही. ती दिसू शकते एकाच ठिकाणी, वर्गशिक्षकांच्या शेऱ्यात. तिथे जागा असते जेमतेम दोन ओळींची.

ही पद्धत आपल्याकडे 20 ऑगस्ट 2010च्या शासननिर्णयाने आली. पाचवीला निम्मे गुण वर्षभरच्या आकारिक मूल्यमापनाचे आणि निम्मे सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनाचे. आकारिकमध्ये रोजचे निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, स्वाध्याय असे बरेच काही येते आणि त्यासोबत शिक्षकाने वर्णनात्मक नोंदी ठेवायच्या असतात. प्रगतिपुस्तकावरचा शेरा या नोंदींमधून निघावा, अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तयार नोंदींच्या याद्या शाळाशाळांतून फिरतात आणि एप्रिलच्या घाईत त्यांतली वाक्ये उतरवली जातात. चाळीस-पन्नास मुलांचा पट, सगळे विषय आणि निकालाची तारीख 1 मे, हे पाहिले की असे का होते ते समजते. खोडकर किंवा हुशार मुलाच्या बाबतीत यादीतले वाक्य थोडेफार जुळूनही जाते. अबोल मुलाच्या वाट्याला मात्र नेहमी तेच येते: ‘शांत व शिस्तप्रिय विद्यार्थिनी.’ त्यात तिने काय केले, याचा एक शब्दही नसतो.

आता ही मुलगी जवळून पाहू. ती काल्पनिक आहे, पण अशी मुलगी प्रत्येक वर्गात असते. जूनमध्ये पाठ वाचायला उभी केली, तर तिचा आवाज शेजारच्या बाकापर्यंतही जात नसे. बाईंनी तिला वर्गासमोर वाचायला लावणे थांबवले आणि जोडीने वाचन सुरू केले. बाईंच्या नोंदवहीत जुलैची ओळ आहे: ‘जोडीदाराला पूर्ण परिच्छेद वाचून दाखवला. जोडाक्षरांना अडखळत नाही.’ म्हणजे वाचता येत होते, अडचण समोरच्या डोळ्यांची होती. सप्टेंबरमध्ये चौघांच्या गटात तिने एक प्रश्न विचारला, तोही आधी वहीत लिहून घेऊन. दिवाळीनंतर ती असे प्रश्न घरूनच लिहून आणू लागली. फेब्रुवारीत परिसर अभ्यासाच्या प्रकल्पात ‘आमच्या गल्लीतले पाणी’ या विषयावर ती वर्गासमोर कागद हातात धरून चार-पाच वाक्ये बोलली. शेवटच्या बाकावर ऐकू आले.

एवढ्या नोंदी हाताशी असल्या की शेरा लिहिणे सोपे वाटते, पण इथेच दोन चुका होतात. पहिली चूक म्हणजे ‘पण’. ‘अभ्यासात प्रगती आहे, पण लाजाळूपणा कमी करावा.’ घरी सगळ्यांच्या लक्षात वाक्याचा दुसरा भाग राहतो. मुलीच्याही. लाजाळूपणा हा स्वभाव आहे, प्रगतिपुस्तकात दुरुस्त करायचा विषय नव्हे. आणि लाजू नकोस असे लिहिल्याने आजवर कोणतेही मूल लाजायचे थांबलेले नाही.

दुसरी चूक प्रेमापोटी होते, म्हणून ती ओळखायला जास्त कठीण. गप्प मुलीने तोंड उघडले याचा आनंद इतका होतो की ‘अप्रतिम वक्तृत्व! वर्गाचे भूषण!’ असे लिहून जाते. एडी ब्रुमेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये मुलांवर केलेला आणि 2014 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे फार उपयोगी आहे. मुलांनी व्हॅन गॉगच्या एका चित्राची नक्कल काढली. मग एका चित्रकाराने लिहिली आहे असे सांगून त्यांना चिठ्ठी देण्यात आली. काहींच्या चिठ्ठीत चित्र सुंदर आहे एवढेच होते, काहींच्या चिठ्ठीत ते विलक्षण सुंदर असल्याचे म्हटले होते, तर काहींना कौतुक मिळालेच नाही. त्यानंतर पुढचे चित्र सोपे घ्यायचे की अवघड, हे मुलांनी स्वतः निवडायचे होते. ज्यांना स्वतःबद्दल मुळातच कमी भरवसा होता, त्या मुलांनी फुगवलेल्या कौतुकानंतर अवघड चित्रे टाळली. एवढी उंची पुन्हा गाठता आली नाही तर, ही भीती त्यामागे असावी, असे संशोधकांचे म्हणणे आहे. मोठी माणसे नेमक्या अशाच मुलांना जास्त फुगवून शाबासकी देतात, हेही त्याच संशोधनात दिसले. प्रत्येक लाजाळू मुलाचा स्वतःवर भरवसा कमी असतोच असे नाही. तरीही एका विशेषणाने एवढा फरक पडत असेल, तर दोन ओळींत ते जपूनच वापरायला हवे.

मग या मुलीचा शेरा असा होईल: ‘तोंडी कामात वर्षभर सातत्याने प्रगती. जुलैमध्ये जोडीदाराला वाचून दाखवत होती, फेब्रुवारीत प्रकल्पाची माहिती वर्गासमोर सर्वांना ऐकू जाईल अशी सांगितली. प्रश्न लिहून आणण्याची सवय चांगली आहे, ती आम्हाला आवडते.’

यात तुलना आहे ती तिची तिच्याशीच. दोन महिन्यांची नावे आल्यामुळे मधला काळ आपोआप दिसतो. ‘ऐकू जाईल अशी’ हे शब्द ‘प्रभावीपणे’पेक्षा साधे आहेत, आणि खरे आहेत. मुलीला तो दिवस आठवतो, त्यामुळे ती शेऱ्यावर विश्वास ठेवू शकते. शेवटच्या वाक्यात जिव्हाळा आहे, पण तो तिच्या कामावरचा आहे. शिवाय हा शेरा मामा-मावशींसमोर मोठ्याने वाचला गेला, तरी तिला मान खाली घालावी लागणार नाही. लाजऱ्या मुलासाठी लिहिताना हा विचार करायलाच हवा. प्रगतिपुस्तक घरी आले की ते हातोहात फिरतेच.

शेरा जमला की नाही, हे पाहण्याची एक साधी रीत आहे. नाव झाकून तो वाचावा. वर्गातल्या आणखी चार मुलांना तो चालत असेल, तर नोंदवही पुन्हा उघडावी. तिथेही काही नसेल, तर मोठे शब्द जोडून उपयोग नाही. त्यापेक्षा एक छोटी खरी गोष्ट लिहावी, ‘गृहपाठ रोज पूर्ण असतो’ एवढी जरी असली तरी.

एक सावधगिरी मात्र हवी. गप्प राहणारे प्रत्येक मूल लाजाळू नसते. घरी पावरी किंवा गोंडी बोलणारे मूल वर्गातल्या मराठीत शब्द शोधत असते. एखाद्याला नीट ऐकू येत नसते. अशा मुलाची ‘धीटपणात प्रगती’ लिहिली, तर खरी अडचण आणखी एक वर्ष झाकली जाते. जोडीत किंवा खेळाच्या मैदानावर मूल भरभरून बोलते का, आणि कोणत्या भाषेत, हे जुलैतच पाहून ठेवले तर हा घोटाळा टळतो.

शेऱ्याचा आणखी एक वाचक असतो: जूनमध्ये सहावीचा वर्ग हाती घेणारे शिक्षक. प्रश्न लिहून आणण्याची सवय त्यांना शेऱ्यातूनच कळेल. पहिल्याच दिवशी तिला वर्गासमोर उभे करू नये, दोन आठवडे जोडीने वाचू द्यावे, हे मात्र प्रगतिपुस्तकावर लिहायचे नसते. ते बाईंनी त्यांना शिक्षक-खोलीत समक्ष सांगावे, आणि नोंदवही त्यांच्याकडे सोपवावी.