आधी दाब सोडा, मग पाना लावा

नाशिकला मावशीकडे गेलो होतो. ओट्यावर वॉटर प्युरिफायर आणि त्याच्या शेजारी भिंतीवर प्री-फिल्टरचा बाउल टांगलेला. आतली पांढरी कँडल तपकिरी पडली होती. “बदलायला दोन महिने झालेत रे, पण तो बाउल काही फिरत नाही,” मावशी म्हणाली. काकांनी नळाची चावी बंद करून, मशीनचं बटण बंद करून, पाना लावून जोर केला होता. भिंतीतले स्क्रू हलले, बाउल हलला नाही.

काकांच्या जोरात काही कमी नव्हतं. बाउलला आतून पाणी धरून बसलं होतं.

मावशीचं घर तळमजल्यावर आहे आणि टाकी चौथ्या मजल्याच्या गच्चीवर. टाकीतलं पाणी नळापेक्षा साधारण 15 मीटर उंच. दर दहा मीटर उंचीला चौरस सेंटीमीटरमागे एक किलो दाब, म्हणजे इथे दीड किलो. आकडा लहान वाटतो, पण बाउलचं तोंड सुमारे नऊ सेंटीमीटर रुंद असतं आणि त्याचं क्षेत्रफळ साठ चौरस सेंटीमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे पाणी बाउलला सुमारे 90 किलोच्या जोराने खाली ढकलत असतं. हा सगळा भार आट्यांवर येतो. आटे एकमेकांवर इतके दाबले गेल्यावर ते सहज फिरणार कसे?

चावी बंद केल्याने हा भार जात नाही. मशीनच्या आत विजेवर चालणारा एक व्हॉल्व्ह असतो. टाकी भरली किंवा वीज बंद केली की तो मिटतो. मागे चावी बंद, पुढे व्हॉल्व्ह बंद. मधल्या पाण्याला जायला वाटच उरत नाही. बाउलच्या वरच्या भागात अडकलेली थोडी हवा स्प्रिंगसारखी दाबलेली असते, म्हणून चार थेंब गळाले तरी दाब टिकून राहतो.

बाउलच्या झाकणावर लाल बटण असतं ते याचसाठी. प्लग काढला, चावी बंद केली, खाली बादली ठेवली आणि बटण दाबून धरलं. पाण्याची बारीक चिळकांडी उडाली आणि काही सेकंदांत थांबली. ती थांबते की नाही, हे पाहणं महत्त्वाचं. पाणी येतच राहिलं तर चावी नीट बंद होत नाही असं समजावं आणि मागची मुख्य चावी बंद करावी. काही बाउलना बटण नसतं. तिथे मशीनकडे जाणारी नळी काढायची: जोडाची छोटी कडी आत दाबून धरली की नळी बाहेर येते आणि दाब तिथून सुटतो.

त्यानंतर पाना. ही खाच असलेली प्लॅस्टिकची मोठी कडी असते. ती बाउलच्या खालून वर सरकवायची, बाहेरच्या उभ्या कण्यांवर नीट बसवायची आणि आडवी सरळ ठेवायची. तिरकी बसली तर कणे झिजतात. दिशेत बहुतेकांची चूक होते, कारण झाकण वर असतं आणि फिरतो तो खालचा भाग. समोर उभं राहिल्यावर बाउलची आपल्याकडची बाजू डावीकडे जायला हवी. एका हाताने झाकण धरायचं, म्हणजे भिंतीवर ताण येत नाही, आणि पाना झटका न देता सलग ओढायचा. हातोडी मारायची नाही. प्लॅस्टिकला तडा जातो.

मावशीचा बाउल पहिल्याच ओढीत सुटला. दाब सोडूनही न सुटणारे बाउलही असतात. बोअरचं जड पाणी असलं की आट्यांत क्षार साठतात, किंवा रबरी रिंग सुकून चिकटते. अशा वेळी कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं जोडाभोवती दहा मिनिटं गुंडाळून पुन्हा प्रयत्न करावा. उकळतं पाणी मात्र नको.

रिंग काढून पुसली. ती चपटी किंवा चिरलेली असती तर नवी घ्यावी लागली असती. तिला पिण्याच्या पाण्यासाठी चालणारं सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावलं. व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल नको, काही रबर त्याने फुगतं. नवी कँडल घालून बाउल फक्त हाताने आवळला. पाना उघडण्यासाठी असतो. त्याने आवळलेला बाउल पुढच्या वेळी हमखास अडतो. मग चावी हळूहळू उघडली, बटण दाबून हवा सोडली आणि जोडाखाली कोरडा कागद धरला. तो कोरडा राहिला. ओला झाला असता तर आणखी आवळायचं नव्हतं. बाउल उघडून रिंग खाचेत बसली आहे का, हे पाहायचं होतं.

तीन महिन्यांनी मावशीचा फोन आला. तिने आधी बटण दाबलं होतं. बाउल हातानेच सुटला, पाना कपाटातच राहिला.