गजर वाजतो, गोळी राहते

रक्तदाबाची गोळी रोज एक. डॉक्टर सांगतात, चुकवू नका. आपण घरी येतो आणि फोनमध्ये रात्री साडेआठचा गजर लावून टाकतो. पहिले दोन-तीन आठवडे सगळं सुरळीत चालतं. मग असे दिवस येतात की गजर वाजलेला असतो, माणूस घरातच असतो, गोळ्याही घरात असतात, आणि तरीही महिनाअखेर पाकिटात गोळ्या उरतात. घरचे याला निष्काळजीपणा म्हणतात. ज्याची गोळी राहते तोही स्वतःला दोष देत बसतो. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. चूक बहुधा त्याआधीच झालेली असते, गजराची वेळ आणि त्यातले शब्द ठरवताना. ती दुरुस्त करता येते.

आधी गजर निष्प्रभ का होतो ते पाहू. एरिक कँडेल यांना स्मरणशक्तीवरच्या संशोधनासाठी 2000 साली नोबेल मिळालं. त्यांनी ॲप्लिसिया नावाच्या समुद्री गोगलगायीवर वर्षानुवर्षं काम केलं. तिला हलकासा स्पर्श केला की ती आपले कल्ले आत ओढून घेते. पण तोच स्पर्श पुन्हा पुन्हा केला आणि त्यातून काहीच बरं-वाईट घडलं नाही, तर तिची प्रतिक्रिया मंदावत जाते. संवेदना वाहून नेणारी चेतापेशी पुढच्या पेशीला कमी रसायन सोडू लागते. म्हणजे ज्या खुणेमागे काही घडत नाही, तिच्यावर शक्ती खर्च करायची नाही, ही शिकवण मज्जासंस्थेत फार खोलवर आहे. रोज त्याच वेळी, त्याच सुरात वाजणाऱ्या गजराच्या बाबतीत माणसाचंही हेच होतं.

फोनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते आणि ती जास्त घातक आहे. गजर वाजला की कटकट सुरू होते. बोट फिरवलं की ती थांबते आणि लगेच बरं वाटतं. हे बरं वाटणं हेच बक्षीस. गोळीचं बक्षीस मात्र हाती लागत नाही, कारण रक्तदाब आटोक्यात असल्याचं आपल्याला जाणवतच नाही. त्यामुळे रोजच्या सरावाने एक सवय खरोखरच पक्की होते, पण ती गजर बंद करण्याची. स्नूझचं बटण दाबून ‘पाच मिनिटांनी घेतो’ म्हणणारा प्रत्येक जण नकळत हाच सराव करत असतो.

माझ्या सांगलीच्या मावशीचं उदाहरण घेतो. वय सदुसष्ट, रोज ॲम्लोडिपिनची एक गोळी. गजर रात्री साडेआठचा, मजकूर ‘औषध वेळेवर घ्या’. साडेआठला मावशी बाहेरच्या खोलीत मालिका बघत असते, गोळ्या आत स्वयंपाकघरातल्या फडताळात आणि पाण्याचा तांब्याही तिथेच. गजर वाजला की ती तो बंद करते आणि म्हणते, “जाहिरात लागली की घेते.” जाहिरात लागते तेव्हा फोन गप्प असतो. मग पानं वाढायची वेळ होते आणि गोळी राहून जाते. महिन्याच्या तीस गोळ्यांपैकी पहिल्या महिन्यात दोन उरल्या होत्या, तिसऱ्या महिन्यात नऊ. गजर एकदाही चुकला नव्हता.

आपला गजर कुठे बिघडलाय हे ओळखायला या दोन गोष्टी पुरतात. पहिली, उरलेल्या गोळ्या मोजणं. आठवणीवर विश्वास ठेवला तर जवळजवळ प्रत्येकाला आपण रोज घेतो असंच वाटतं. दुसरी, गजर वाजतो त्या क्षणी आपण कुठे असतो, हातात काय असतं आणि गोळी किती पावलांवर असते, हे आठवडाभर कागदावर लिहून ठेवणं. गजर आणि गोळी यांच्यातलं अंतर दिवसागणिक वाढताना दिसलं, किंवा काल गजर कधी वाजला हेच आठवेना, तर तो गजर संपला असं समजावं. सूर बदलला तर थोडे दिवस फरक पडतो. पण नवा सूरही लवकरच जुना होतो.

मग सवय लागायला किती दिवस लागतात? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी हे मोजलं. त्यांचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. 96 स्वयंसेवकांनी खाणं, पिणं किंवा व्यायाम यांपैकी एक नवी कृती निवडली आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडली, उदाहरणार्थ नाश्त्यानंतर. ती कृती विचार न करता होऊ लागायला लागलेला मध्यक काळ 66 दिवसांचा निघाला. व्यक्तींमधला फरक प्रचंड होता, 18 दिवसांपासून अंदाजे 254 दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. आता हिशेब मांडून पाहा. गजराचा जोर तीन-चार आठवड्यांत ओसरतो आणि सवय लागायला साधारण दोन महिने लागतात. मधल्या काळात माणूस गजराच्याही आधाराविना असतो आणि सवयीच्याही.

याच विद्यापीठातल्या कतार्झिना स्टावार्झ आणि सहकाऱ्यांनी 2015 साली त्यापुढची गोष्ट दाखवली. फोनवरच्या आठवणीमुळे लोक कृती करत राहिले, पण ती अंगवळणी पडण्यात उलट अडथळा आला. रोजच्या एखाद्या घटनेला कृती जोडणाऱ्यांची सवय जास्त पक्की होत गेली. कारण समजायला कठीण नाही. फोन सांगेल या भरवशावर आपण राहिलो, की मेंदू दुसरी खूण शोधतच नाही. आणि मग फोनचा आवाज ऐकू येईनासा झाला, की हाती काहीच उरत नाही.

मावशीच्या बाबतीत पहिला बदल वेळेचा करायचा होता, आणि त्यासाठी घड्याळ बाजूला ठेवायला हवं होतं. तिला विचारलं, “मावशी, काहीही झालं तरी रोज न चुकता तू काय करतेस?” ती म्हणाली, “सकाळचा चहा. ताप आला तरी चहा मीच करते.” अशी घटना निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. ती रोज घडते का, रविवारी आणि सणावारीही? ती गोळीच्या जवळ घडते का? आणि तिच्यात हात रिकामे असण्याचा क्षण आहे का? आधण ठेवल्यापासून चहा गाळेपर्यंतची चार-पाच मिनिटं तिन्ही कसोट्यांना उतरतात. जेवण चटकन सुचतं, पण त्या वेळी हात भरलेले असतात आणि आपलं लक्ष इतरांना वाढण्यात असतं.

पण रात्रीची गोळी सकाळी घेतली तर चालते का? ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून अधिक रक्तदाबाच्या रुग्णांवर झालेल्या ‘टाइम’ या चाचणीचे निष्कर्ष 2022 साली आले. गोळी सकाळी घेतली काय किंवा संध्याकाळी, हृदयविकार, पक्षाघात आणि मृत्यू यांच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणजे जी वेळ चुकणार नाही ती निवडायला हरकत नाही. तरी मावशीने आधी डॉक्टरांना विचारलं, आणि तसंच करावं. कारण प्रत्येक औषधाचा नियम वेगळा असतो, सोबतची इतर औषधंही पाहावी लागतात आणि बदलाच्या दिवशी गोळी नेमकी कधी घ्यायची हे त्यांनीच सांगायला हवं.

त्यानंतर सात कप्प्यांचा डबा आणला आणि तो चहाच्या डब्याला खेटून ठेवला. चहापत्तीला हात गेला की गोळ्यांचा डबा दिसणारच. कप्पे का हवेत, तर सवय लागली की उलटीच अडचण उभी राहते. विचार न करता केलेली कृती लक्षात राहत नाही आणि ‘आज घेतली की नाही’ हा घोळ होतो. रिकामा कप्पा त्याचं उत्तर देतो, आणि शंकेपोटी दुसरी गोळी घेण्याचा धोका टळतो.

फोनचा गजर काढून टाकला नाही, मागे सरकवला. चहा सातला होतो, गजर सव्वाआठचा. तो गोळी घ्यायला सांगत नाही, घेतली का एवढं विचारतो. बहुतेक सकाळी कप्पा आधीच रिकामा असतो, म्हणून मावशी आता तो वाजण्याआधीच बंद करते. एखाद्या दिवशी राहिलीच तर ती आठवण त्याच सकाळी होते.

शब्दांचं काम यानंतरचं. ‘औषध वेळेवर घ्या’ या वाक्यात कोणतं औषध, कुठे, कशानंतर, यातलं काहीच नाही. शिवाय तो हुकूम आहे, आणि स्वतःच्या घरात रोज हुकूम कोणाला आवडेल? पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकापासून दाखवून दिलंय की ‘अमुक झालं की तमुक करीन’ अशा बांधणीचं वाक्य नुसत्या संकल्पापेक्षा जास्त वेळा कृतीत उतरतं. म्हणून चहाच्या डब्यावर मावशीच्याच अक्षरात चिठ्ठी लागली : ‘आधण ठेवलं की आजची गोळी.’ आणि सव्वाआठच्या गजराचा मजकूर झाला : ‘आजचा कप्पा रिकामा आहे का?’ प्रश्नाचं उत्तर द्यायला डब्याकडे बघावं लागतं. हुकूम न बघताही पुसून टाकता येतो.

शब्दांची आणि किती वेळा आठवण करायची याची ताकद केनियात फार स्पष्ट दिसली. एचआयव्हीचं औषध घेणाऱ्यांना तिथल्या एका अभ्यासात दर आठवड्याला किंवा दररोज संदेश पाठवले गेले. आठवड्याच्या संदेशांचा फायदा झाला, रोजच्यांचा झाला नाही. धीर देणारे जास्तीचे शब्द घालूनही फरक पडला नाही. दुसऱ्या अभ्यासात, जो 2010 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, दवाखान्याकडून आठवड्यातून एकदा फक्त ‘माम्बो?’ असा स्वाहिली संदेश जायचा, म्हणजे ‘काय, कसं आहे?’ त्यात औषधाचा उल्लेखही नसे. ठीक आहे की अडचण आहे, एवढं उत्तर दोन दिवसांत द्यायचं. अडचण असेल किंवा उत्तर आलं नाही तर दवाखान्यातून फोन यायचा. नियमित औषध घेणाऱ्यांचं प्रमाण संदेश मिळालेल्या गटात 62 टक्के होतं, इतरांमध्ये 50. पलीकडे उत्तर वाचणारं माणूस आहे हे ज्याला ठाऊक असतं, तो त्या संदेशाला सरावत नाही.

म्हणून रविवारी मावशी डबा भरते तेव्हा मी फोन करतो. “गोळी घेतेस ना?” असं विचारत नाही, कारण त्याला ‘हो’ शिवाय उत्तर नसतं. “या आठवड्यात डब्यात काय उरलं?” असं विचारतो.

घर बदललं की ही सगळी घडी विस्कटते. लग्नाला किंवा गणपतीला गावी गेलं की चहा दुसरं कोणी करतं आणि डबा पिशवीत राहतो. तेवढ्या दिवसांपुरता गोळीच्या वेळेचा गजर पुन्हा लावावा. बराच काळ न वाजलेली खूण पुन्हा जाणवू लागते, हे सरावण्याच्या अभ्यासातून माहीत झालेलं आहे.

आठवणीने सुटते ती फक्त विसरण्याची अडचण. अमेरिकेत पन्नास हजारांहून अधिक लोकांना कप्प्यांचे डबे आणि वेळ दाखवणारी झाकणं यांसारखी साधनं नुसती पाठवून पाहिली. 2017 साली निष्कर्ष आला की त्याने औषध घेण्यात काहीच सुधारणा झाली नाही. डबा हातात पडतो, पण तो कुठे ठेवायचा आणि कशाला जोडायचा हे कोणी ठरवत नाही. शिवाय काही जण विसरत नाहीत, टाळतात. कप्पे कधी तरी एखाद दिवस भरलेले राहिले तर ते विसरणं असतं. सलग तीन-चार दिवसांचे कप्पे भरलेले दिसले तर वेगळा प्रश्न विचारावा : पाय सुजतात का, चक्कर येते का, गोळ्या परवडत नाहीत का. ॲम्लोडिपिनमुळे काहींचे घोटे खरोखर सुजतात, आणि त्यावर डॉक्टर मात्रा किंवा गोळी बदलून देऊ शकतात.